अंगणाला पेव्हर ब्लॉक किती लागणार? माझा हिशोब १,७०० म्हणतो, दुकानदार २,१०० म्हणतोय

काका, आमच्या गावच्या घरापुढे पेव्हर ब्लॉक बसवायचेत. घराच्या भिंतीला लागून ३० फूट, डावीकडे २० फूट लांब आणि उजवीकडे १६ फूट, कारण समोरचं कंपाउंड तिरकं आहे. मध्ये ३ बाय ३ चं तुळशी वृंदावन आणि उजवीकडे २ बाय २ चं ड्रेनेजचं चेंबर. ६० एमएमचा झिगझॅग ब्लॉक पसंत केलाय. मी टेप लावून मोजला तर साडेनऊ इंच बाय पाच इंच, म्हणजे चौरस फुटाला ३. ५४० चौरस फूट गुणिले ३ झाले १,६२०, वर ५ टक्के वेस्टेज धरून १,७००. दुकानदार म्हणतो २,१०० घ्या. ठेकेदार म्हणतो सव्वापाच ब्रास काम आहे आणि वाळू दीड ब्रास लागेल, माझ्या हिशोबाने एक इंच थराला ४५ घनफूट म्हणजे अर्धा ब्राससुद्धा नाही. उजवीकडची बाजू ३ इंच खोल आहे, तिथे तो वाळूच भरणार म्हणतोय आणि बाबांनाही ते पटलंय. बाबा म्हणतात दोघं मिळून लुटतायत. मला कळत नाहीये की चूक माझी आहे का त्यांची.
(सातारा जिल्हा, नाव छापू नका)

ताई, पत्र वाचून पहिलं काम मी हे केलं की कागदावर तुझं अंगण काढलं, कारण तू मापं व्यवस्थित दिलीयेस, अशी पत्रं फार कमी येतात, बहुतेक लोक "हजार स्क्वेअर फूट आहे, किती लागतील" एवढंच लिहितात. आणि काढून झाल्यावर मला बाबांना आधी सांगावंसं वाटलं की लुटालूट वगैरे मनातून काढा. दुकानदार थोडा जास्त सांगतोय पण तुझ्यापेक्षा तो बराच जवळ आहे. ठेकेदाराचा आकडा मात्र बघायला लागेल, आणि तिथेही प्रश्न पैशाचा नाहीये, प्रश्न वेगळाच आहे, त्यावर शेवटी येतो.

आधी ब्लॉक. तू टेप लावलास टोकापासून टोकापर्यंत, बरोबर? झिगझॅग ब्लॉकला कडेला दात असतात आणि एका ब्लॉकचा दात शेजारच्या ब्लॉकच्या खाचेत जाऊन बसतो, म्हणून तर त्याला इंटरलॉकिंग म्हणतात. म्हणजे तू जे साडेनऊ बाय पाच मोजलंस त्यातली काही जागा खरं तर शेजाऱ्याची आहे, तू ती दोनदा मोजलीस. घराच्या कौलांचं कसं, कौल हातात घेऊन मोजलं तर मोठं दिसतं पण छपरावर एकावर एक चढल्यावर उघडं राहतं तेवढंच कामाचं, तसंच हे.

मग खरं माप कसं काढायचं? दुकानात किंवा कारखान्यावर जा, सपाट जागा बघ, ११ ब्लॉक एका ओळीत दात नीट अडकवून लाव, मध्ये फट २-३ एमएमची ठेव (पातळ खिळा अडकवला की तेवढी राहते), आणि पहिल्या ब्लॉकच्या डाव्या टोकापासून अकराव्याच्या डाव्याच टोकापर्यंत टेप धर. डाव्यापासून डाव्यापर्यंत हे महत्त्वाचं. असं मोजलं की ते बरोबर १० ब्लॉकचं माप येतं, दात आणि फटी सगळं आत धरून. तसंच दुसऱ्या दिशेला ११ ओळी लावून मोज. मी ज्या झिगझॅगवर बरीच कामं केलीत त्यात हे १० ब्लॉकचं माप लांबीला ९० इंच आणि रुंदीला ४५ इंच यायचं, म्हणजे एक ब्लॉक ९ बाय साडेचार इंचाची जागा खातो. साडेचाळीस चौरस इंच. १४४ ला त्याने भागलं की चौरस फुटाला ३.५६ ब्लॉक. तू ३ धरलेस. फरक अर्ध्या ब्लॉकचा दिसतो पण ५०० फुटांवर तो पावणेतीनशेच्या वर जातो. तुझ्या ब्लॉकचा आकडा थोडा इकडेतिकडे येईल, प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, म्हणून मोजूनच घे, मी पुढचा हिशोब ९ बाय साडेचारवर करतो.

आता क्षेत्रफळ. ५४० बरोबर आहे (३० गुणिले २० आणि १६ ची सरासरी), फक्त वृंदावनाचे ९ आणि चेंबरचे ४ वजा करायचे राहिले. ५२७ राहतात. ५२७ गुणिले नेमके ३.५५६ म्हणजे १,८७४ ब्लॉक. हे एकही तुकडा वाया न घालवता. बरं, एवढ्यातच तुझे १,७०० कमी पडले.

आणि आता ते वेस्टेजचे टक्के. ५ टक्के धरा, १० टक्के धरा, हे सगळे सांगतात आणि कुणालाच विचारलं तर कुठून आले ते सांगता येत नाही. मला हे टक्के कधीच आवडले नाहीत. कारण साधं आहे, ब्लॉक कापले जातात ते कडेला, मधोमध कुणी कापत नाही. मग वेस्टेज अंगणाच्या क्षेत्रफळावर का ठरावं? ते ठरतं कडा किती फूट आहे आणि ती सरळ आहे का तिरकी यावर. शाळेचं मैदान असेल तर २ टक्क्यांत भागेल आणि वाड्याच्या मधल्या बारक्या चौकात, जिथे मध्ये खांब, कोपऱ्यात नळ, तिथे १० टक्केसुद्धा पुरणार नाहीत.

तर आपण कडेकडेने फिरू. ओळी घराच्या भिंतीला समांतर घालायच्या असं धरतो, म्हणजे ब्लॉकची लांब बाजू ३० फुटांच्या दिशेने.

घराच्या भिंतीशी सुरुवात करायची, तिथे पहिली ओळ अख्ख्या ब्लॉकची, दातांमधल्या खाचा राहतात त्यात सिमेंटचा माल भरतात, कापायचं काही नाही. डाव्या बाजूला ५३ ओळी सुरू होतात, एकाआड एक ओळ अर्ध्या ब्लॉकने सुरू करावी लागते (नाहीतर सगळे सांधे एका रेषेत येतील आणि पकड राहणार नाही), म्हणजे २७ अर्धे. पण एका ब्लॉकचे दोन अर्धे होतात आणि दुसरा अर्धा फिरवून पुन्हा तिथेच बसतो, तर इथेही वाया काही जात नाही. काही कारखाने तयार अर्धे ब्लॉकही देतात, विचारून ठेव.

उजवीकडे १६ फुटांत ४३ ओळी संपतात. कागदावर ३० फुटांत बरोबर ४० ब्लॉक बसतात पण साईटवर अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे होतोच, भिंतीसुद्धा कुठे गुण्यात, म्हणजे काटकोनात असतात, म्हणून ४३ च्या ४३ कापायचे असंच धर. समोरची कंपाउंडची कड तिरकी. तिरकी रेघ किती ब्लॉकवरून जाते हे मोजायची एक युक्ती आहे, ती रेघ आडवी जेवढ्या ब्लॉकच्या लांबीवरून जाते आणि उभी जेवढ्या ओळी ओलांडते त्यांची बेरीज करायची. ३० फुटांत ४० ब्लॉक, आणि ४ फुटांच्या तिरकसपणात साधारण ११ ओळी, झाले ५१. वृंदावनाभोवती २४ आणि चेंबरभोवती १८. बेरीज कर, १३६ ब्लॉकवर कटर चालणार.

पण १३६ वाया जाणार नाहीत हं, इथे लोक गडबड करतात आणि सगळेच्या सगळे वर मिळवतात. कापलेल्या ब्लॉकचा जो तुकडा बसतो तो आपण क्षेत्रफळात आधीच मोजलाय. वाया जातो फक्त उरलेला तुकडा, तो कधी पाव असतो कधी पाऊण, सरासरी अर्धा धरायचा. म्हणजे १३६ मागे ६८. शिवाय कापताना दहात एक फुटतो किंवा चुकीचा कापला जातो, ते १४. (हे ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून कापलं तर. मिस्त्री छिन्नी-हातोडी घेऊन बसला तर १४ चे ४० होतील, आधीच विचार कशाने कापणार.) गाडीतून उतरवताना कोपरे उडालेले वगैरे शेकडा २, म्हणजे ३७. एकूण १,९९३. त्यावर मी २५ ब्लॉक घरात राखून ठेवायला सांगेन, कारण तुमचं चेंबर कधीतरी उघडावं लागणार आणि तेव्हा या रंगाचा ब्लॉक मिळणार नाही. २,०२०.

बघ, दुकानदार २,१०० म्हणाला. ८० जास्त. त्याला भेटून एवढंच विचार की चौरस फुटाला किती नग धरता आणि न फुटलेले उरले तर परत घेता का. दुसऱ्या प्रश्नाला हो म्हणाला तर २,१०० घेऊन टाक, मला त्यात काही गैर वाटत नाही. एक मात्र कर, सगळा माल एकाच वेळी उचल. माझ्या भावाच्या अंगणात मी स्वतः हिशोब केला होता आणि चेंबर मोजायचं विसरलो आणि तिरक्या कडेचाही अंदाज चुकला, ९० ब्लॉक कमी पडले, तीन आठवड्यांनी त्याच ठिकाणाहून तोच लाल ब्लॉक आणला आणि तो विटकरी निघाला. गेटजवळ तो पट्टा अजून दिसतो आणि दर दिवाळीला वहिनी मला तो दाखवते. आणि बसवताना एका चळतीतून सगळे काढू नका, तीन-चार चळतींमधून मिसळून घ्या, म्हणजे रंगाचा फरक असला तरी ठिगळ दिसत नाही. हो, आणि २,००० ब्लॉक म्हणजे सात टनांच्या आसपास वजन होतं, गल्लीत गाडी येते का आणि उतरवणार कुठे हे आधी बघ, अंगणातच उतरवलेत तर काम कुठे करणार?

तिरक्या कडेबद्दल अजून एक सांगायचंय. तिथे ज्या ५१ ब्लॉकवर रेघ जाते त्यातले कितीतरी तुकडे बोटभर चिंचोळे निघणार. अख्ख्या ब्लॉकच्या एक तृतीयांशापेक्षा लहान तुकडा बसवू नये, तो पकड घेत नाही, गाडीचं चाक कडेला गेलं की पहिला तोच उखडतो. मग मिस्त्रीला शेजारचा ब्लॉकही कापून दोघांत माप वाटावं लागतं, आणि तो ते न करता तिथे माल थापून मोकळा होतो, सगळीकडे बघ तू, कंपाउंडच्या कडेला सिमेंटची वेडीवाकडी पट्टी दिसेलच. तू कधी असा विचार केलास का की तो तिरका भाग ब्लॉकने भरायलाच हवा का? घराला समांतर बरोबर ४२ ओळी घालायच्या, १५ फूट ९ इंच होतात, तिथे सरळ कर्ब, म्हणजे ब्लॉक सरकू न देणारी कडेची उभी पट्टी, लावायचा आणि पुढचा तिकोनी तुकडा, उजवीकडे तीन इंच आणि डावीकडे सव्वाचार फूट, तो मातीचा ठेवायचा. मोगरा लाव, कढीपत्ता लाव. ब्लॉक लागतात १,६३४, कापायचे राहतात ८४, सगळी भर घालून १,७४२. म्हणजे पावणेतीनशे ब्लॉक कमी आणि समोरच्या कडेला एकही काप नाही, कारण कर्ब आपण ब्लॉकच्या मापाने लावला. कर्बचा खर्च आणि ३० फूट लावायची मजुरी त्यातून वजा जाईल, तो तिरक्या कडेलाही काहीतरी टेकू लागलाच असता म्हणा. अडचण एकच, तुम्हाला गाडी वळवायला डावीकडची पूर्ण खोली लागत असेल तर हे जमणार नाही. ते तुम्ही घरच्यांनी ठरवा, मी फक्त आकडे देतोय.

बाकीच्या वाचकांसाठी, ज्यांचं वृंदावन किंवा झाडाचा ओटा अजून बांधायचाय त्यांनी तो ब्लॉकच्या मापाच्या पटीत बांधा, या ब्लॉकला लांबीत ९ इंचांच्या आणि रुंदीत साडेचारच्या पटीत, आणि ओळीवर येईल असा, कापायचं काम जवळजवळ संपतं.

आता वाळू. आधी तो ब्रासचा घोळ. ठेकेदार "सव्वापाच ब्रास काम" म्हणाला ते चौरस फुटाचे ब्रास, १०० चौरस फूट म्हणजे एक ब्रास, ५२७ ला सव्वापाच, बरोबर आहे. वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. शब्द एकच आणि गोष्टी दोन, त्यामुळे सव्वापाच आणि दीड यांचा एकमेकांशी काही संबंध लावू नकोस.

तू एक इंच थर धरून ४५ घनफूट काढलेस. इथे तू दोन गोष्टी गृहीत धरल्यास, एक म्हणजे थर एक इंच, आणि दुसरी म्हणजे ट्रकमधली वाळू आणि ब्लॉकखालची दबलेली वाळू एकच. पहिलीचं फार काही नाही, दबून झाल्यावर २० ते ४० एमएमच्या मध्ये थर असावा, मी सव्वा इंच धरतो, म्हणजे ५२७ फुटांना ५५ घनफूट. दुसरी जास्त महागात जाते. ओलसर वाळू फुगलेली असते, कणांभोवती पाणी धरून ते एकमेकांपासून लांब राहतात, आणि वरून कॉम्पॅक्टर, म्हणजे दाबायचं यंत्र, फिरला की ती बसते. किती बसेल हे घरीच बघता येतं. एक सरळ उभा डबा किंवा काचेची बरणी घे, त्यात आणलेली वाळू हलक्या हाताने १० सेंटीमीटर भर, दाबू नकोस, मग वाळू पूर्ण बुडेपर्यंत पाणी ओत आणि हलव. वाळू खाली बसेल. ८ सेंटीमीटरवर आली तर समज की ८ च्या जागी १० आणावी लागणार, म्हणजे सव्वापट. कॉम्पॅक्टरचं दाबणं आणि हे अगदी एकच नाही पण अंदाजाला पुरतं. फक्त फुगण्याचे वेगळे आणि दबण्याचे वेगळे असे दोनदा टक्के लावू नकोस, ती एकच गोष्ट दोन बाजूंनी बघणं आहे, बरेच जण तिथे दुप्पट धरून बसतात.

५५ चे सव्वापट ६९. खालचा मुरुमाचा बेस आरशासारखा सपाट नसतो आणि थोडी सांडलवंड होते, त्याला १० टक्के, झाले ७६. वर सांध्यांमध्ये भरायला बारीक वाळू वेगळी, ती ६ घनफूट पुरते, रिकाम्या सिमेंटच्या गोणीने पाचेक गोण्या. ती कोरडी आणि बारीक चाळणीतून काढलेली पाहिजे, ओली वाळू सांध्यात उतरतच नाही, वरच राहते आणि पहिल्या पावसात गटारात जाते. म्हणजे एकूण ८२ घनफूट. तुझा अर्धा ब्रास निम्म्याहून थोड्या जास्त अंगणातच संपला असता. एक ब्रास मागव आणि गाडी आल्यावर ती रिकामी व्हायच्या आत हौदाची लांबी, रुंदी आणि वाळूची उंची टेपने मोज, उंची मध्ये आणि चारही कोपऱ्यांना, कारण मध्ये ढीग असतो आणि कोपरे रिकामे.

वाळू कुठली हेही विचारून घे. आपल्याकडे बरेच ठेकेदार खडीची डस्ट आणतात, त्यात पीठ जास्त असतं, ते पाणी धरून ठेवतं आणि पावसाळ्यात त्याचा चिखल होतो. धुतलेली क्रश सँड चालते, नदीची जाडसर वाळू मिळाली तर चालते. मुठीत घेऊन दाब, हात उघडल्यावर तळवा पिठासारखा माखला तर परत पाठव.

आणि आता तो ३ इंच खोल भाग, ज्यासाठी मी थांबलो होतो. दीड ब्रासमधला जवळपास अर्धा ब्रास तिथेच जाणार असं त्याच्या मनात असावं. ताई, तो फसवत नाहीये, तो सोपा मार्ग घेतोय, आणि बाबांना पटलं कारण ऐकायला ते बरोबर वाटतं, खड्डा आहे तर वाळू घाला. पण वाळूचा थर सगळीकडे सारखा पाहिजे. जिथे सव्वा इंच आहे तिथे तो एवढासा दबतो आणि जिथे सव्वाचार इंच आहे तिथे तिप्पट-चौपट दबतो, आणि तोही एकदम नाही, पहिल्या दिवशी थोडा, पहिल्या पावसाळ्यात थोडा, गाडी उभी राहायला लागली की अजून. वरून सगळं सपाट दिसत असताना खाली हे चालू असतं. सहा महिन्यांनी उजवीकडे, नेमकं चेंबरपाशी, गाडीच्या दोन चाकोऱ्या पडलेल्या दिसतील आणि पाऊस थांबल्यावर तिथे पाणी साचेल, ब्लॉकवर पाय ठेवला की सांध्यातून पाण्याची पिचकारी उडेल. असं कुठे दिसलं की समजायचं, खाली वाळूने खड्डा भरलाय.

तो खड्डा मुरुमाने भरायचा आणि तोही वाळूच्या आधी. समज ती बाजू १० बाय १२ फूट आहे आणि शून्यापासून ३ इंचांपर्यंत उतरत गेलीय, तर सरासरी दीड इंच, १५ घनफूट. मुरुमही दबतो, म्हणून २० घनफूट, म्हणजे ब्रासचा पाचवा हिस्सा. पाणी मारून धुमसाने ठोकायचा, आणि भाग मोठा असेल तर कॉम्पॅक्टर लावायचा. उताराचंही तसंच, पाणी घरापासून लांब जायला २० फुटांत चार ते पाच इंच उतार हवा आणि तो मुरुमाच्या बेसमध्येच द्यायचा, वाळूत नाही. बेस तयार झाला की भिंतीपासून कंपाउंडपर्यंत दोरी ताण, उतार धरून, आणि दर पाच फुटांवर दोरीपासून बेसपर्यंतची खोली मोज. सगळीकडे अर्ध्या इंचाच्या आत सारखी आली तरच वाळू टाकू दे. ही दहा मिनिटांची गोष्ट आहे पण ठेकेदार मुरुमाच्या वेळी साईटवर नसतो, वाळूच्या वेळी येतो, त्यामुळे ती तूच करायची.

वाळू सारखी पसरते का हे बघायलाही सोपं आहे. सव्वा इंची जीआय पाईप बाहेरून ४२ एमएमचा असतो, असे दोन पाईप बेसवर समांतर ठेवायचे, मध्ये वाळू टाकायची आणि वरून ॲल्युमिनियमची पट्टी ओढायची. पाईप काढले की खाच वाळूने भरायची आणि त्यावर पुन्हा पाय द्यायचा नाही. ४२ एमएम सैल वाळू सव्वापटीच्या हिशोबाने दबून ३४ च्या आसपास येते, आपल्याला हवं तेच. ब्लॉक बसवल्यावर ते शेवटच्या लेव्हलपेक्षा ७-८ एमएम वर दिसले पाहिजेत, मग कॉम्पॅक्टर फिरल्यावर खाली येतात. चेंबरच्या झाकणाशी हे विसरतात आणि मग झाकण वर राहून पायाला ठेचा लागतात.

मी तुझ्या जागी असतो तर ठेकेदाराला भांडायला गेलो नसतो. त्याला म्हणालो असतो, पहिल्या दिवशी डावीकडे भिंतीपाशी १० बाय ३ फुटांचा एकच पट्टा पूर्ण करून दाखवा, वाळू, ब्लॉक, कॉम्पॅक्टर सगळं. किती ब्लॉक लागले ते मोज, ३० चौरस फुटांना १०७ च्या जवळ यायला हवेत, आणि कॉम्पॅक्टरच्या आधी आणि नंतर दोरीपासूनची उंची मोज, किती दबलं ते कळेल. तोवर दुकानदाराला फक्त १,९०० ब्लॉकचा ॲडव्हान्स दे आणि बाकीचे १२० त्याच चळतीतले बाजूला ठेवायला सांग. पट्ट्याचे आकडे माझ्यापेक्षा वेगळे आले तर ते खरे धर आणि मला कळव, विशेषतः वाळू ४२ वरून किती खाली आली ते.